आलं आधी की दूध आधी? मुळशीतल्या एका टपरीपासून सुरू झालेली गोष्ट

मागच्या पोस्टनंतर दोन-तीन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण फील्डवर्क सुरू होतं. पुणे जिल्ह्यात चहा करायची पद्धत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कशी बदलली, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. "ह्यात संशोधन कसलं?" हा प्रश्न मला घरचे, गाईडचे मित्र आणि एसटीत शेजारी बसलेले काका असे सगळेच विचारून झालेत. आज त्याचं उत्तर एका फाटलेल्या दुधाच्या पातेल्यावरून देणार आहे.

जुलैमधला रविवार. पौडच्या पुढे, ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मावशींची टपरी आहे. मी तिथे आठवड्यातून दोनदा तरी बसायचे, वही उघडून. पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून घाट बघायला गाड्यांची रांग लागते आणि मावशींची अख्ख्या वर्षाची कमाई ह्या दहा-बारा रविवारांवर उभी असते. त्या दिवशी नेमका गॅस संपला. मावशींनी मागच्या पडवीत चूल पेटवली, पण लाकडं ओली. धूर जास्त आणि जाळ कमी. तरी त्यांनी रोजच्यासारखंच पातेलं चढवलं: दोन लिटर दूध, तेवढंच पाणी, साखर आणि वरून खलबत्त्यात ठेचलेलं भरपूर आलं. पत्ती उकळी आल्यावर.

उकळी यायच्या आधीच दुधात कण दिसायला लागले. मग कणांचे गोळे झाले आणि खाली हिरवट पाणी.

"फाटलं गं बाई," मावशी म्हणाल्या. "सकाळचंच दूध हाय, वास घे बघ, नासलेलं न्हाई."

मी वास घेतला. खरंच आंबट वास नव्हता. त्यांनी दुसरं पातेलं लावलं, तेच दूध, तेच आलं. तेही फाटलं. चार लिटर दूध गेलं. बाहेर वीसेक माणसं रेनकोटात उभी. मावशींनी दूधवाल्या पोराला फोन लावून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा म्हणत होता की ह्याच कॅनमधलं दूध मी अजून पाच घरी घातलंय, कुणाचं काही झालेलं नाही.

दोघंही खरं बोलत होते. दूध चांगलं होतं आणि तरीही फाटलं. हे कसं, ते समजून घ्यायला मला आधी रसायनाकडे आणि मग इतिहासाकडे जावं लागलं.

फाटणं आणि नासणं

बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. ह्या पोस्टपुरतं मी ते वेगळे ठेवते, कारण दुधाच्या बाबतीत खरंच दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. ते सुटं सुटं नसतं, तर त्याचे बारीक गोळे असतात, डोळ्यांना न दिसणारे. ह्या गोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला केसीनचाच एक प्रकार केसांसारखा उभा असतो आणि तो गोळ्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून दूध एकसारखं पांढरं दिसतं. दूध मोडायचं असेल तर हे कुंपण मोडायला हवं.

ते मोडायचा एक रस्ता म्हणजे आंबटपणा. दूध उघड्यावर राहिलं की त्यातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो. तो खाली यायला लागला की गोळ्यांचं एकमेकांपासून दूर राहणं कमी होतं. अशा दुधाला थंड असताना काही होत नाही, दिसायला ते ठणठणीत असतं, पण तापवलं की मोडतं. हे नासणं. ह्यात आल्याचा काही संबंध नाही, नुसतं दूध तापवलं तरी ते मोडणारच.

दुसरा रस्ता म्हणजे कात्री. चीज करताना जे रेनेट वापरतात ते हेच करतं: गोळ्यांवरचे ते उभे केस कापून टाकतं. मग दूध आंबट नसतानाही गोळे एकमेकांना चिकटतात. आणि आल्यात अशीच एक कात्री असते. प्रथिनं कापणारं हे एन्झाइम म्हणजे झिंजिबेन. पपईच्या चिकात असतं त्याच घराण्यातलं. १९७३ साली थॉम्प्सन, वुल्फ आणि ॲलन ह्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ फूड सायन्स'मध्ये आल्यातल्या ह्या एन्झाइमवर निबंध लिहिला. त्यांना दुधाशी देणंघेणं नव्हतं, मांस मऊ करायला आलं का उपयोगी पडतं ते शोधायचं होतं. पण आपल्या कामाची गोष्ट त्यातच आहे: हे एन्झाइम ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं आणि त्याच्या वर, ७० अंशांच्या पुढे, ते स्वतःच भराभर निकामी होतं.

हा एक आकडा हाताशी आला की मावशींचं पातेलं उलगडतं.

गॅसच्या मोठ्या आचेवर त्यांचं पातेलं कोमट ते उकळी हा प्रवास पटकन करायचं. मधला धोक्याचा पट्टा, म्हणजे साधारण ४५ ते ७० अंश, भरकन मागे पडायचा. कात्री चालायला लागायची, पण कापायला वेळच मिळायचा नाही आणि पुढच्या उष्णतेत ती मरून जायची. ओल्या लाकडाच्या चुलीवर तोच पट्टा ओलांडायला बराच वेळ लागला. ठेचलेल्या आल्याचा सगळा रस दुधात, दूध ह्या एन्झाइमला आवडणाऱ्या तापमानाला, आणि वेळ भरपूर. रेसिपी तीच, दूध तेच, आलं तेच. बदलला होता तो फक्त जाळ.

म्हणूनच हा प्रकार इतका फसवा आहे. बहुतेक वेळा काहीच होत नाही आणि मग एखाद्या दिवशी होतं. आपण दूधवाल्याला धरतो.

तीच कात्री, दुसऱ्या देशात गोड

चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांतात एक पदार्थ आहे, ज्यात हे दूध मुद्दाम मोडतात. ग्वांगझौजवळचं शावान हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. वाटीत ताज्या आल्याचा रस काढून ठेवायचा. म्हशीचं दूध साखर घालून तापवायचं, मग थोडं निवू द्यायचं, ७० अंशांच्या जवळपास आलं की उंचावरून एकदम त्या रसावर ओतायचं आणि हात लावायचा नाही. काही मिनिटांत खरवसासारखी मऊ वडी जमते. चमचा वर ठेवला तर बुडत नाही.

त्याची दंतकथाही छान आहे. एका म्हाताऱ्या सासूला खोकला झाला होता, आल्याचा रस फार तिखट लागायचा म्हणून सुनेने त्यात गरम दूध ओतलं आणि ते जमलं. दंतकथाच ती, पण बघा: खोकला, आलं, दूध. आपल्याकडेही हेच तीन जण एकत्र येतात. आपण मात्र त्यात चहाची पत्ती घातली आणि उलटा प्रश्न घेऊन बसलो, की हे जमू नये म्हणून काय करायचं.

शावानच्या सुनेला ज्या चुका करू नकोस असं सांगतात त्याच आपल्यासाठी युक्त्या आहेत. दूध उकळतं असताना ओतलं तर वडी जमत नाही, कारण एन्झाइम मरतं. आलं आधीच शिजवलं तर जमत नाही. रस काढून बराच वेळ ठेवला तरी नीट जमत नाही, कारण हे एन्झाइम नुसतं ठेवूनही कमजोर होत जातं. त्यांचं अपयश ते आपलं यश.

सुंठीचंही तसंच. आलं वाळवून सुंठ होईपर्यंत ह्या कात्रीची धार बरीचशी गेलेली असते. म्हणून सुंठ घातलेलं दूध आपल्या आज्या वर्षानुवर्षं बिनधास्त देत आल्या. "सुंठीवाचून खोकला गेला" म्हणतात, इथे सुंठीमुळे दूध वाचलं असं म्हणायला हरकत नाही.

आता इतिहास: चहा 'बरोबर' कसा करायचा?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की हे सायन्सच्या ब्लॉगवर शोभलं असतं. थांबा.

पुण्याच्या इतिहासात चहाचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो १८९० साली, आणि त्यात आल्याचा काही संबंध नव्हता. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, ह्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये बोलावलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. मग पाहुण्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि एकच गहजब उडाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघंही त्या यादीत होते. ग्रामण्य बसलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. वाद चहाच्या चवीचा नव्हता, तो कुणाच्या हातचा ह्याचा होता. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातून एक गोष्ट दिसते: तेव्हाच्या पुण्यात चहा ही बशी-कपातली, साहेबी दिवाणखान्यातली गोष्ट होती. ठेचलेलं आलं घालून पातेल्यात उकळलेली नव्हे.

चहा बाजारात, स्टेशनवर, गल्लीत आला तो पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत, आणि आपोआप आला नाही. १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर एक छोटा कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करायला समिती नेमली. १९३७ मध्ये तिचंच इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड झालं. ह्या लोकांनी रेल्वे स्टेशनांवर चहाचे ठेलेवाले उभे केले, गाड्या फिरवल्या, घरोघरी जाऊन चहा करून दाखवला, फुकट कप वाटले. स्टेशनांवर इनॅमलचे मोठे बोर्ड लागले. त्यांवर देशी भाषांमध्ये, चित्रांसकट, चहा करायची पद्धत दिलेली असायची.

ती पद्धत थोडक्यात अशी: पाणी ताजं उकळा, किटली आधी गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती घाला, त्यावर उकळतं पाणी ओता, काही मिनिटं झाकून ठेवा, मग कपात ओतून दूध-साखर वेगळी घाला. पत्ती उकळायची नाही. दूध पातेल्यात तर मुळीच उकळायचं नाही. आणि मसाल्यांचं नाव नाही.

लोकांनी काय केलं? चहा घेतला आणि पद्धत सोडून दिली. दूध जास्त, साखर जास्त, सगळं एकत्र आणि रटरटा उकळून. काही ठिकाणी लवंग-दालचिनीसारखे मसाले. प्रचारकांना हे अजिबात आवडत नसे, आणि मसाल्यांबद्दल त्यांची व्यापारी तक्रारही होती: मसाला घातला की पत्ती कमी लागते. त्यांना खप पत्तीचा वाढवायचा होता.

आपण हा सगळा किस्सा "साहेबाने शिकवलं एक आणि आपण केलं भलतंच" असा हसत सांगतो. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण ह्याच हसण्याबद्दल आहे. कारण त्या हसण्यात एक गृहीतक लपलेलं आहे: की बोर्डावरची पद्धत म्हणजे तंत्र आणि आपली पद्धत म्हणजे सवय.

बोर्डाची पद्धत एका विशिष्ट पत्तीसाठी बरोबर होती. मोठ्या पानांचा, सुगंधी चहा उकळला तर कडू होतो, सुगंध उडून जातो. हे खरंच आहे. पण साध्या माणसाच्या हाती ती पत्ती येतच नव्हती. त्याला मिळायची ती चुरा, भुकटी. पुढे १९३०च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर ह्यांनी सीटीसी यंत्र तयार केलं. पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं आणि त्याचे टणक दाणे करायचे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी हे दाणे स्वस्त आणि सगळीकडे झाले. त्यांचा कडकपणा दुधात टिकतो आणि ते उकळले तरी चालतात. म्हणजे पत्ती बदलली तसं तंत्र बदललं. ह्यात चूक काहीच नाही.

आता त्यात आलं घाला. आल्याचा तिखटपणा आणि स्वाद पाण्यात उतरायला उकळीच लागते, गरम पाणी ओतून झाकून ठेवल्याने पुरेसा उतरत नाही. आणि उकळी हीच ती गोष्ट आहे जी दुधाला आल्यापासून वाचवते. बोर्डाने ज्याला चूक म्हटलं, ती 'उकळा' ही एकच कृती आल्याच्या चहात स्वाद काढायचं आणि दूध सांभाळायचं अशी दोन कामं करते. हे कुणी विचारपूर्वक शोधलं असा माझा दावा नाही. ज्यांचं दूध फाटलं नाही त्यांची रीत टिकली, शेजारणीने उचलली, एवढं म्हणणं पुरेसं आहे. पण तिला अडाणी म्हणता येत नाही.

पुण्यातल्या अमृततुल्य दुकानांत हे उभं राहून बघता येतं. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी चालवलेली ही दुकानं. पितळी पातेलं, खलबत्त्यात ठेचलेलं आलं-वेलची, फडक्यातून गाळणं आणि खाली मोठ्ठा जाळ. त्या जाळाकडे मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. पातेलं सतत उकळतं असतं, आलं पडतं ते थेट त्या उकळीत. कोमट अवस्था तिथे जवळजवळ नसतेच. मावशींची कृती वरवर तशीच होती, पण आलं पडत होतं गार दुधात, आणि पुढचं सगळं जाळाच्या भरवशावर.

चार पातेल्यांचा प्रयोग

पुढच्या शुक्रवारी, पाऊस आणि गिऱ्हाईक दोन्ही कमी असताना, मावशींनी मला त्यांची चूल दिली. अट एकच, दुधाचे पैसे माझे. घरून थर्मामीटर नेला होता.

पहिलं पातेलं: एक पेला दूध, एक चमचा किसलेलं आलं, दोन्ही गारच, आणि मंद आच. साठीच्या आसपास कडेला बारीक कण दिसले, उकळीपर्यंत साफ फाटलं. मावशी म्हणाल्या, "हे बघ, त्या दिवशी असंच."

दुसरं: तेवढंच दूध आधी उकळलं आणि वर येतानाच आलं टाकलं. काही झालं नाही.

तिसरं: आलं अर्ध्या पेल्या पाण्यात तीन मिनिटं खळखळ उकळलं आणि मग त्यात गार दूध ओतून मंद आचेवर ठेवलं. पहिल्यासारखीच सावकाश आच. तरी काही झालं नाही. मावशींना पटलं ते इथे, कारण ह्या वेळी जाळ कमी असूनही दूध टिकलं.

चौथं: कालचं, बाहेर राहिलेलं दूध, आलं न घालता. उकळी येता येता मोडलं आणि आंबट वास आला.

मावशींनी पहिलं आणि चौथं पातेलं शेजारी ठेवून बोटाने चाखून बघितलं. पहिलं आंबट नव्हतं, आल्याने नुसतं तिखट. चौथं आंबट. "म्हंजे पोराला उगाच बोलले मी," त्या म्हणाल्या.

मग करायचं काय?

ही मावशींनी आता धरलेली रीत, चार कपांच्या हिशोबाने. दोन कप पाणी, त्यात साधारण इंचभर आलं किसून किंवा ठेचून. पाणी खळखळ उकळू लागल्यापासून तीन मिनिटं मोजा. आलं जितकं बारीक तितकी उष्णता आतपर्यंत लवकर पोचते. मोठा तुकडा टाकून लगेच दूध घातलं तर तुकड्याचा गाभा अजून कच्चा असतो, म्हणून तुकडे असतील तर पाच मिनिटं द्या. मग साखर आणि तीन-चार चमचे पत्ती, दीड-दोन मिनिटं. शेवटी दोन कप दूध, आणि एक-दोन उकळ्या.

दूध गरम असेल तर उत्तम, पण सक्ती नाही. इथे एक हिशोब बघा. फ्रीजमधलं ५ अंशांचं दोन कप दूध शंभर अंशांच्या दोन कप चहात ओतलं तर पातेलं एकदम ५० अंशांच्या थोडं वर येऊन थांबतं. म्हणजे बरोबर धोक्याच्या पट्ट्याच्या आत. आलं आधी नीट उकळलं असेल तर ह्याने काही बिघडत नाही, कारण कात्री आधीच मेलेली आहे. पण "अरे, आलं राहिलंच" म्हणून नेमकं त्याच वेळी ताजं आलं किसून टाकलं, तर तुम्ही शावानची वडी करायला घेतली आहे असं समजा. आलं राहिलंच असेल तर थांबा, दुधासकट चहा पूर्ण उकळू द्या आणि उकळीतच आलं टाका. कप भरल्यावर वरून कच्चं आलं किसायची फॅशन आहे तीही ह्याच कारणाने टाळलेली बरी.

फाटलंच, तर दोष कुणाचा हे ओळखता येतं. त्याच दुधातलं दोन चमचे दूध पळीत घेऊन, काहीही न घालता, उकळा. पळीत मोडलं तर दूधच उतरलेलं आहे आणि कुठलीही युक्ती त्याला वाचवणार नाही. पळीत टिकलं तर आल्याकडे आणि आचेकडे बघा. कण कधी दिसले हेही आठवा: हात पोळेल इतपत गरम असताना, उकळीच्या बरेच आधी दिसले आणि आंबट वास नसेल, तर बहुतेक आलंच.

मुळशीत आणखी दोन गोष्टींवर आळ येतो. परड्यात असतो तो गवती चहा: त्याला लिंबाचा वास आहे पण लिंबाचा आंबटपणा नाही, त्याने दूध फाटत नाही, निर्धास्त घाला. गूळ मात्र खरा गुन्हेगार असू शकतो. बऱ्याच गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, आणि गूळ घातलेल्या पातेल्यात दूध उकळलं तर ते मोडू शकतं, आलं असो वा नसो. तिथे आल्याची युक्ती चालत नाही, उलट करावं लागतं: दूध वेगळं तापवायचं, गुळाचा चहा गॅसवरून उतरवून मिनिटभर निवू द्यायचा आणि मग दूध मिसळायचं, पुन्हा उकळायचं नाही. गूळ आणि आलं दोन्ही हवं असेल तर आलं पाण्यात आधी उकळा आणि दूध शेवटी, गॅस बंद करून.

शेवटचं

माझ्या गाईडनी हे प्रकरण वाचून विचारलं, "पण ह्याचा पुरावा कुठल्या दप्तरात आहे?" प्रश्न योग्य आहे. बोर्डाचे अहवाल आहेत, जाहिराती आहेत, 'पुणे वैभव'मधली यादी आहे. पण आलं पातेल्यात कधी पडतं, हे कुणी दप्तरात लिहून ठेवत नाही. ते हातात असतं. आणि हात विसरतात ते गॅस संपला, चूल पेटली, अशा दिवशी कळतं. गॅसच्या मोठ्या आचेने मावशींची एक सवय झाकून ठेवली होती. त्यांच्या सासूबाई चुलीवरच चहा करायच्या. त्या आलं कधी टाकायच्या, असं मी विचारलं. मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाण्यात. पाणी कढलं की आलं, मग बाकी समदं. मला वाटायचं, म्हातारी उगाच वेळ लावतीय."

मी ते वाक्य तारखेसकट वहीत लिहून घेतलं. प्रकरणात ते तळटीप म्हणून नाही, मुख्य मजकुरात जाणार आहे.

दूधवाल्या पोराला त्या शुक्रवारी दोन कप चहा फुकट मिळाला. का, ते मावशींनी त्याला सांगितलं नाही.